बिडी सुटली आणि साखर वाढली: एका यंत्रमाग कामगाराचे प्रकरण

रुग्ण इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. वय ५४. आठवडाआड रात्रपाळी. टाइप २ मधुमेह निघून सहा वर्षे झालेली, आणि बिडी त्याच्या कितीतरी आधीपासूनची, रोज एक बंडल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि एक-दोन गोष्टी अशाच अवस्थेतल्या दुसऱ्या रुग्णांच्या नोंदींतून घेतल्या आहेत. दवाखान्यात मी त्यांना मामा म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

बिडी सोडायचे कारण साखर नव्हतीच. चालताना उजवी पोटरी धरायची. घरापासून चौकापर्यंत गेले की थांबावे लागायचे, दोन मिनिटे उभे राहिले की पुन्हा चालता यायचे. तपासताना उजव्या पायाची नाडी घोट्यापाशी जेमतेम लागत होती. मधुमेह आणि बिडी एकत्र असताना पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे हे नेहमीचे लक्षण. पाय गमावलेले दोन सहकारी मामांनी पाहिले होते, त्यामुळे जास्त समजवावे लागले नाही. २ मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंगगम दिली, राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर दिला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बिडी बंद केली.

त्या वेळची स्थिती अशी होती. वजन ६६ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे वजन फार नाही. पण कंबर ९४ सेंटिमीटर. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत बरीच दिसते. एकूण वजन कमी राहते, तरी चरबी पोटाच्या आत, यकृताच्या आसपास साठते, आणि इन्सुलिनच्या कामात आडवी येते ती मुख्यतः हीच चरबी. गोळ्या मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी. गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारे एचबीए१सी ७.४ टक्के. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी १२० ते १३०.

तीन महिन्यांनी मामा आले ते रिपोर्ट टेबलावर ठेवूनच बोलायला लागले. एचबीए१सी ८.१. उपाशीपोटी १४० च्या वर, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी २२० च्या आसपास. वजन ६९.५ किलो.

"डॉक्टर, बिडी वडत हुतो तवा साखर बरी हुती की ओ. सोडली आन् वर गेली. मग सोडून काय मिळवलं?"

हा प्रश्न मला दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतो, आणि बरेच जण तो न विचारताच पुन्हा बिडी पेटवतात. म्हणून त्याचे उत्तर नीट, आकड्यांसकट द्यायला हवे. "होतं असं, जाईल" एवढे सांगून भागत नाही, कारण मामांच्या बाबतीत ते अर्धेच खरे होते.

बिडी साखरेचे काय करते

जेवल्यावर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची असते आणि इन्सुलिन त्यांना तसा निरोप देते. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे निरोप पोचतो, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाही. मग तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते, आणि ते थकत गेले की साखर वर राहू लागते.

निकोटिन हे दोन बाजूंनी घडवते. झुरका घेतला की ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके वाढतात, चरबीच्या साठ्यातून मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायू साखरेऐवजी तीच जाळू लागतात. दुसरे म्हणजे निकोटिन स्नायूच्या पेशीत इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारी साखळीच मधे अडवते. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण बारकाईच्या अभ्यासात हे थेट मोजले गेले, आणि धूम्रपान थांबवल्यावर एक-दोन आठवड्यांतच इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारल्याचेही दिसले. याशिवाय धुराने शरीरभर मंद दाह चालू राहतो तो वेगळाच. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने धूम्रपान हे टाइप २ मधुमेहाचे कारण असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांत हा धोका ३० ते ४० टक्के जास्त, आणि बिड्या जितक्या जास्त तितका तो वाढता.

म्हणजे बिडी सुटल्यावर साखर उतरायला हवी. मामांची चढली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण निकोटिन आणखी एक काम करत असते. ते मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या पेशींना चेतवत राहते आणि शरीराचा बसल्याजागचा उष्मांकखर्च थोडा वाढवून ठेवते. बिडी थांबली की भूक मोकळी होते, जिभेची चव परत येते आणि खर्च खाली येतो. सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वाढते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच. स्नायूची दाद सुधारत असते, पण येणाऱ्या साखरेचा लोंढा तिच्यापेक्षा वेगाने वाढतो.

०.२ आणि ०.७

मधुमेह असलेल्यांनी धूम्रपान सोडल्यावर नेमके काय होते, याचा सर्वांत उपयोगी अभ्यास ब्रिटनचा आहे. तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींतून टाइप २ मधुमेह असलेले दहा हजारांहून जास्त धूम्रपान करणारे निवडून त्यांचे एचबीए१सी वर्षानुवर्षे पाहिले गेले. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी सोडले आणि किमान वर्षभर पुन्हा हात लावला नाही, त्यांचे एचबीए१सी पहिल्या वर्षात सरासरी ०.२१ ने वाढले. नंतर ते उतरत गेले आणि तीन वर्षांच्या सुमारास ओढत राहणाऱ्यांच्या बरोबरीला आले. विशेष म्हणजे ही वाढ वाढलेल्या वजनाने समजावता आली नाही. तेव्हा त्यातला काही भाग शरीर निकोटिनशिवाय नव्याने जुळवून घेत असतानाचा असावा. माझ्या अनुभवात झोपमोड आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांची चिडचिडही त्यात हातभार लावते.

मला या अभ्यासातला आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. सोडल्यामुळे होणारी वाढ सरासरी ०.२ आहे, मामांची ०.७ होती. माणसामाणसात फरक असतोच, पण तिपटीहून जास्त वाढ दिसली की सगळे खापर बिडी सोडण्यावर फोडून मोकळे होणे म्हणजे तपास सोडून देणे. उरलेली अर्ध्या टक्क्याची वाढ कुठून आली, हे शोधायचे होते.

पहिली गोष्ट वजनाची. साखर वाढली आणि वजनही वाढले, तर मार्ग बहुधा खाण्याकडे जातो. साखर वाढली आणि वजन उतरत असेल, तर प्रकरण पूर्ण वेगळे. वर्षानुवर्षे बिडी ओढलेल्या मधुमेहीत तेव्हा क्षयरोग आणि स्वादुपिंडाचा कर्करोग, दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात, आणि छातीचा एक्स-रे, थुंकी, पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी यांना उशीर करू नये. मामांचे वजन वाढले होते, खोकला उलट कमी झाला होता. तरी एक्स-रे काढला. स्वच्छ निघाला. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता, कुठून स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलेले नव्हते, हिमोग्लोबिन ठीक होते. बिडीच्या जागी तंबाखू-चुना किंवा मशेरी आली आहे का, हेही विचारले. आमच्याकडे हे फार होते, आणि तसे असेल तर निकोटिन आत जातच राहते, इन्सुलिनच्या दृष्टीने काही सुटलेलेच नसते. मामांनी पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा मशेरी लावली होती, मग बंद केली.

मग आठवडाभर जोडीने साखर मोजायला सांगितली. जेवणाच्या आधी एकदा, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. रोज एकच जेवण निवडायचे, म्हणजे दिवसाला दोनच पट्ट्या लागतात. आणि अंगात थरथर झाली तर काहीही तोंडात टाकण्याआधी एक मोजणी.

वही काय सांगत होती

सकाळच्या जेवणाआधी १३८, दोन तासांनी १७६. हे फार वाईट नाही. घोळ दुपारनंतर होता. संध्याकाळच्या चहाआधी, म्हणजे शेवटचे जेवण होऊन पाच तास झाल्यावर, १९४, २०३, १८८. पाच तासांनी साखर खाली असायला हवी. ती नाही, याचा अर्थ मधल्या वेळात तोंडात काहीतरी जात होते. मामा नाही म्हणत राहिले. मामींनी सांगून टाकले.

"रोज खिसाभर लिमलेटच्या गोळ्या असत्यात. आन् खडीसाखर. इचारा त्यास्नी."

मामांना हे खाणे वाटतच नव्हते. बिडीची तल्लफ आली की गोळी, दिवसाला दहा-बारा. एका लिमलेटच्या गोळीत साधारण चार ग्रॅम साखर धरली तरी ४०-४५ ग्रॅम होतात, म्हणजे आठ-नऊ चमचे साखर, तीही नुसती, पोळी-भाकरीशिवाय. पूर्वी बिडीचे जे वीसेक प्रसंग होते, त्यातल्या निम्म्यांना आता साखर जोडली गेली होती. तीन महिन्यांत साडेतीन किलो वाढायला रोजचे साधारण ३०० जास्तीचे उष्मांक पुरतात. त्यातले १७०-१८० या गोळ्यांतच होते.

पण गोळ्या का, याचे दुसरे कारण वहीत थरथरीच्या नोंदींत सापडले. मला वाटते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे.

बिडी सोडल्यापासून मामांना पाळीवर असताना हात थरथरणे, छातीत धडधड, घाम असे होत होते. साखर उतरल्यावर हेच होते, हे त्यांना कोणीतरी पूर्वी समजावले होते, आणि ते बरोबरच होते. त्यांनी त्यावरून ठरवले की बिडी सुटल्यामुळे साखर उतरते आहे. म्हणून खडीसाखर खाल्ली. आणि साखर उतरवणारी गोळी म्हणून ग्लिमेपिराइड आपणच बंद केली, सहा आठवड्यांपूर्वी. मेटफॉर्मिन चालू होती, त्यामुळे "गोळ्या घेताय ना?" या माझ्या आधीच्या प्रश्नाला त्यांचे "हो" खोटे नव्हते.

आता त्या थरथरीच्या वेळी मोजलेली साखर: १४१, १६९, १५५. एकदाही ७० च्या खाली नाही. ही साखर उतरण्याची थरथर नव्हती. काही भाग निकोटिन सुटतानाचा होता. उरलेला चहाचा.

बिडीच्या धुरातले डांबरी घटक यकृतातल्या एका एन्झाइमला जोराने कामाला लावतात, आणि चहा-कॉफीतले कॅफिन हेच एन्झाइम मोडते. ओढणाऱ्याचे कॅफिन त्यामुळे लवकर निकामी होते. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मूळच्या गतीवर येते, आणि तेवढ्याच कपांतून रक्तात राहणारे कॅफिन दुपटीच्या पुढे जाऊ शकते. हे धुरामुळे होते, निकोटिनमुळे नाही, म्हणून निकोटिनची गम चघळून हे टळत नाही. मामा रात्रपाळीत सहा-सात कप कडक चहा घेत होते, पूर्वीइतकाच. शरीराला तो आता बारा-चौदा कपांसारखा लागत होता. धडधड, थरथर, सकाळी घरी येऊन झोप नाही, आणि अपुऱ्या झोपेने इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पुन्हा भर.

अशी ही साखळी होती. चहामुळे थरथर, थरथरीमुळे साखर खाणे आणि गोळी बंद करणे, त्यामुळे मोजणी वर, आणि वरची मोजणी पाहून "बिडीच बरी" हा निष्कर्ष. साखर वाढण्यात बिडी सोडल्याचा स्वतःचा वाटा यात असेलच, पण तो लहान होता.

आणखी एक गोष्ट मामांना सांगावी लागली. एचबीए१सी तीन महिन्यांचे चित्र दाखवते म्हणतात, पण त्यात शेवटच्या महिन्याचे वजन जवळजवळ निम्मे असते. बिडी सोडून तीन महिन्यांनी काढलेला रिपोर्ट सर्वांत वाईट काळाचाच फोटो काढतो. त्या एका रिपोर्टवर औषधांची मोठी उलथापालथ करू नये.

काय बदलले

चहा पाळीत तीन कप, अर्धा चमचा साखर, शेवटचा कप पहाटे दोनच्या आधी. लिमलेटच्या जागी साधी, साखरेचे कवच नसलेली बडीशेप, लवंग, आणि भूक खरीच असेल तर मूठभर भाजके चणे. तल्लफेसाठी गम, पण ती नीट वापरायची: चव तिखट लागेपर्यंत चावायची, मग गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. सतत चघळली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी येते आणि तल्लफ तशीच राहते. गमच्या निकोटिननेही इन्सुलिनला थोडा अडथळा होतो. म्हणून ती तीन महिन्यांच्या आसपास कमी करत बंद करायची. पण तोवर ती बिडीपेक्षा कितीतरी बरी, आणि साखरेच्या भीतीने तिला नाही म्हणण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

औषधांत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम पुन्हा सुरू केली. तिचा डोस मात्र वाढवला नाही, जरी ८.१ पाहून हात तिकडे जातो. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडते, वजन वाढवते, आणि पुढे स्नायूंची दाद सुधारत गेली की तीच खरी साखर उतरवू शकते. त्याऐवजी क्रिएटिनिन पाहून मेटफॉर्मिन दोन आठवड्यांत हळूहळू १००० मिलिग्रॅम दोन वेळा केली. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे, पोटरी धरेपर्यंत, मग थांबून पुन्हा. हे पायासाठीच सांगितले होते, पण जेवणानंतर चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतो, त्यामुळे एका चालण्यात दोन्ही कामे झाली.

मामांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांना आकड्यांतून दिले. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात धूम्रपान सोडून वजन वाढलेल्यांना नव्याने मधुमेह होण्याचा धोका काही वर्षे वाढलेला दिसला, पाच ते सात वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि नंतर तो उतरत गेला. ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. पण हृदयविकाराने किंवा कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू सोडणाऱ्यांत कमी झाले, वजन वाढलेले असो वा नसो. मामांसारख्या, पायाची वाहिनी आधीच अरुंद झालेल्या माणसाला ०.७ टक्के एचबीए१सीची किंमत गोळीने चुकवता येते. बंद पडलेल्या वाहिनीची नाही.

जे मधुमेही इन्सुलिनची इंजेक्शने घेतात, त्यांच्यासाठी सावधगिरी उलट दिशेची आहे. धूम्रपानाने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि टोचलेले इन्सुलिन हळू शोषले जाते. सोडल्यावर तोच डोस जास्त लागू शकतो. अशा माणसाने पहिले दोन-तीन आठवडे जेवणाआधी आणि झोपण्याआधी मोजावे, आणि ७० च्या खाली गेलेली प्रत्येक मोजणी डॉक्टरांना कळवावी.

पुढचे वर्ष

सहाव्या महिन्यात एचबीए१सी ७.५, वजन ६८.५. थरथर चहा कमी केल्यावर दहा-बारा दिवसांत थांबली होती. गम चौथ्या महिन्यात सुटली. मधे पुतण्याच्या लग्नात दोन दिवस बिडी ओढली गेली, तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून सांगितले. वर्षाच्या शेवटी एचबीए१सी ७.०. यातले किती श्रेय वाढवलेल्या मेटफॉर्मिनचे, किती चालण्याचे, किती बिडी सुटल्याचे, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही.

चौदाव्या महिन्यात दुपारच्या जेवणाआधी पुन्हा थरथर झाली. या वेळी मामांनी आधी मोजले: ६४. मग तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, ९२. त्याच आठवड्यात आणखी एकदा ६८. ग्लिमेपिराइड बंद केली, मेटफॉर्मिन तीच ठेवली, आणि दोन महिन्यांतही उपाशीपोटीची साखर ११५ ते १२५ मध्येच राहिली. उजव्या घोट्याची नाडी अजून क्षीणच लागते. पण चौक ओलांडून ते आता पुढच्या बस थांब्यापर्यंत न थांबता जातात. पुढचा एचबीए१सी तीन महिन्यांनी, आणि त्याबरोबर पायाच्या वाहिन्यांची डॉपलर तपासणी पुन्हा करायची आहे.